आत्याला दोन ओळींत बसवताना

“गेलं! गेलं! आरं, पुन्हा गेलं की!” दाजी ओरडले आणि हातातला स्टीलचा पेला टेबलावर असा आदळला की खालच्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन दोन पानं कोरी टाकून थांबलं. हे मी वाढवून सांगत नाही. दोनच पानं होती. तो चार सांगतो.

“काय गेलं दाजी?” लॅपटॉपसमोर बसलेल्या मुलीनं विचारलं.

“काय गेलं ते कळलं असतं तर वरडलो असतो का? नवरा दिसला, त्याचा कुणीतरी भाऊ दिसला, आन् बायको यायच्या आत पाटी गायब! कुणाची बायको? काऊन आली? काई पत्ता न्हाई!”

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. पूर्णेला राहतात, रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त आहेत. त्यांचा आवाज असा आहे की नोकरीत असताना शिट्टी हा त्यांच्यासाठी निव्वळ दागिना होता. इंग्रजी त्यांना वाचता येतं, पण एकेक शब्द चावून वाचतात. म्हणूनच त्यांना रविवारी दुपारी पूर्णेहून पॅसेंजरनं बोलावून घेतलं होतं. परभणीतल्या माझ्या क्लासच्या खोलीत, बाकावर बसवून, हातात रिकामा पेला देऊन सांगितलं होतं, पडद्याखालची इंग्रजी ओळ, म्हणजे दाजींच्या भाषेत पाटी, वाचून व्हायच्या आत गेली की पेला वाजवायचा. सुरुवातीच्या पाच मिनिटांत त्यांनी पेल्याचा आकार बदलून टाकला.

जिथं ते ओरडले तिथं मूळ मराठी पाटी होती, ‘ही माझी चुलत जाऊ.’ दीड सेकंद. मी त्याचं इंग्रजी केलं होतं, ‘धिस वुमन इज माय हजबंड्स कझिन्स वाइफ.’ अचूक! त्यात कोण चूक काढेल? आपल्याकडे एका शब्दात अख्खं खानदान बसतं आणि इंग्रजाला त्यासाठी वरात काढावी लागते, यात माझा काय दोष?

पण हे सगळं कुठून आलं ते आधी सांगायला पाहिजे.

मी परभणीत इंग्रजीचे क्लास घेतो. या जिल्ह्याच्या दोन पिढ्या मी इंग्रजीत नापास होता होता ओढून काढल्या आहेत. माझं इंग्रजी इतकं जोरदार, की एकदा गंगाखेडच्या स्टँडवर मी चौकशीच्या खिडकीत इंग्रजीतून वेळ विचारली, तर बस वेळेवर सुटली. लोक अजून ती आठवण काढतात. ही मुलगी माझ्याच क्लासची. मेंढपाळाच्या घरातली, शिकली, आता सरकारी कचेरीत कारकून आहे. सुट्टीच्या दिवशी उसना कॅमेरा घेऊन आपल्या आत्याच्या मागं हिंडायची. आत्याचं वय झालं, गुडघे गेले, मागं चालणारं कुणी राहिलं नाही, म्हणून तिनं मेंढरं विकून टाकली. त्या शेवटच्या हंगामाचा या मुलीनं पंचवीस-तीस मिनिटांचा माहितीपट केला. शेवटी ट्रक येतो, मेंढरं चढतात, आत्या प्रत्येकीशी बोलते. बास, एवढंच.

आत्याची बोली, त्यात वारा, त्यात मेंढरांचा कालवा. शहरातल्या मराठी माणसाला ते कळेना, म्हणून पुण्याच्या एका तरुणानं आधीच मराठी सबटायटल्स करून दिली होती. मग परदेशातल्या एका महोत्सवानं फिल्म घ्यायचं कबूल केलं, पण इंग्रजी सबटायटल्स हवीत म्हणाले. मुलगी पेढे घेऊन माझ्याकडे आली.

“सर, मराठी फाईल तयार हाय. वेळा टाकलेल्या हायत. तुमी फक्त इंग्रजी करून द्या.”

“फक्त?” मी म्हणालो. “पोरी, मी हे आंघोळीला पाणी तापेपर्यंत करतो.”

आणि केलंही. पाणी जरा जास्त तापलं, पण केलं. आता आमची भाषांतराची शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. पूर्ण वाक्यात लिहा. काही सोडू नका. एक शब्द सुटला की अर्धा गुण कापला. आयुष्यभर मी हाच अर्धा गुण कापत आलो. त्यामुळं पुणेकरानं जे जे लिहिलं होतं ते ते सगळं मी इंग्रजीत आणलं, वर जिथं कर्ता नव्हता तिथं कर्ताही घातला. वाक्यं अशी भरदार झाली की त्यांना स्वतंत्र खोली द्यावी.

महोत्सवानं फाईल परत पाठवली. फिल्मबद्दल एक वाकडा शब्द नाही. म्हणे, सबटायटल्स वाचता येत नाहीत. एका ओळीत जास्तीत जास्त बेचाळीस अक्षरं, मोकळ्या जागा आणि टिंबं धरून. ओळी दोनच. वाचायचा वेग सेकंदाला सतरा अक्षरांच्या आत. येत्या आठवड्यात दुरुस्त फाईल आली नाही तर तुमची जागा दुसऱ्या फिल्मला देऊ.

मुलीचा चेहरा पाहवेना. तिची पहिली फिल्म. घरात अजून कुणाला पटलेलं नव्हतं की मेंढरांमागं कॅमेरा घेऊन फिरणं हे काम असतं. तिच्या वडिलांचं एकच म्हणणं होतं, “मेंढरामागं हिंडायचंच व्हतं तर शिकलीस कामून?” या महोत्सवाचं नाव ती त्यांना आधीच सांगून बसली होती.

“अक्षर बारीक कर,” मी तोडगा काढला. “मुंगीएवढं. मग चार ओळी बसतील.”

“सर, या फाईलमध्ये अक्षराचा आकार नसतोच. नुसता मजकूर आन् वेळ असती. किती मोठं दाखवायचं ते तिथली मानसं ठरवतात. आन् चार ओळी टाकल्या तर आत्याचं तोंडच झाकंल.”

मग तिनं सबटायटलचा एक फुकटचा प्रोग्रॅम उघडला. त्यात माझी ओळ टाकली की शेजारी आकडा येतो, आणि वेग जास्त झाला की ती ओळ लाल होते. मी पाहिलं, तर वरपासून खालपर्यंत लालेलाल. माझ्या पोरांच्या पेपरांवर मी इतकी लाल शाई कधी ओतली नव्हती.

मला पहिल्यांदा वाटलं, मराठी ओळी तर दोनच होत्या, मग इंग्रजीलाच काय धाड भरली? पण मराठी पाटी वाचताना आपला माणूस अर्धं कानानं ऐकत असतो, डोळा नुसता आधाराला असतो. परदेशातल्या माणसाला आत्याचा आवाज म्हणजे पाखरांचा किलबिलाट. त्याला सगळंच डोळ्यानं प्यायचंय. आणि दोन्ही ओळी काठोकाठ भरल्या तर वाचायला जवळजवळ पाच सेकंद लागतात. आत्या पाच सेकंदांत तीन मेंढ्यांची कुळकथा सांगून चौथीच्या कानाला हात घालते.

तर, त्या रविवारी दाजी पेला बडवायला लागले ते यासाठी. जिथं पेला वाजला तिथं मुलगी थांबायची, मी कापायचो. पण कापायचो म्हणजे काय? तीच तर भांडणाची जागा.

“चुलत जाऊ काढून टाक,” मी म्हणालो. “‘माय रिलेटिव्ह’ लिही. झालं.”

“सर, ती काय कुणी बी न्हाई. मी तिला मावशी म्हणती. तिला ‘रिलेटिव्ह’ म्हणलं तर ती मला जेवाया वाढंल का?”

“तिला इंग्रजी येतं का?”

“मला येतं ना!”

दाजी मधेच म्हणाले, “मास्तर, एक सांगू? मी डब्यातनं स्टेशनाची पाटी वाचायचो. गाडी पळत असली की पाटीवर नाव तेवढं वाचता येतं. खाली समुद्रसपाटीपासनं उंची लिवलेली असती ती काय कुणी वाचत न्हाई.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमी उंची बी वाचाया लावायलाव.”

मला राग आला. तरी मी ती ओळ ‘शी इज फॅमिली’ अशी केली. चौदा अक्षरं. हिरवी झाली. मुलीनं शेजारच्या वहीवर जोरात रेघ ओढली, ती मला ऐकू आली.

ओळ तोडायची कुठं हाही एक उपद्व्याप. मी बेचाळीस मोजायचो आणि जिथं भरतील तिथं कुऱ्हाड घालायचो. एका ठिकाणी पहिली ओळ ‘अंडर द’ वर संपली आणि दुसरी ‘ब्रिज’नं सुरू झाली. दाजी ‘अंडर द’ वाचून असे थांबले जणू पुलाचं काम अजून मंजूर व्हायचंय. मग कळलं, जे शब्द तोंडात एकत्र येतात ते एकाच ओळीत ठेवायचे, भले वरची ओळ आखूड होऊ दे. आणि बोलणं संपलं तरी पाटी जरा वेळ तशीच ठेवता येते, आत्या दम खाते तेवढा वेळ उसना घेता येतो. पण पुढचा शॉट लागला की नाही. शॉट बदलला आणि पाटी तीच राहिली, की बघणारा तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतो. दाजींनी तसं दोनदा केलं आणि दोन्ही वेळा आम्हालाच शिव्या घातल्या.

मग आला तो अंतःकरणाचा मामला.

ट्रक दिसायच्या आधी आत्या बाजेवर बसून सांगते. पुणेकराची मराठी पाटी होती, ‘त्या दिवशी माझ्या अंतःकरणात कालवाकालव झाली.’ वेळ दोन सेकंद. माझं इंग्रजी कितीही आवळलं तरी लालच. ‘हार्ट’ ठेवावं तर ‘टरमॉइल’ जातं, ‘टरमॉइल’ ठेवावं तर दाजी जातात. मी अर्धा तास त्या ओळीशी झटलो. घामानं शर्ट पिळून दिला असता तर बादली भरली असती.

मुलगी म्हणाली, “सर, आपण एकदा ऐकूनच बघू की ती काय म्हणायलीय.”

आता खरं सांगायचं तर, तोपर्यंत आम्ही आवाज बंदच ठेवला होता. दाजींच्या आवाजापुढं दुसरा आवाज चालत नाही म्हणून. आणि मी तर पहिल्या दिवसापासून फाईलवरूनच काम करत होतो. मराठी समोर लिहिलेली असताना ऐकायचं कशाला? आवाज लावला. वारा, कुठंतरी कुत्रं, आणि आत्या म्हणाली, “कसंतरीच झालं बघ.”

एवढंच. अंतःकरण नाही, कालवाकालव नाही. पुणेकरानं बिचाऱ्यानं तिला नवं लुगडं नेसवलं होतं आणि मी त्यावर इंग्रजी कोट चढवायला निघालो होतो.

“कसंतरीच झालं,” दाजी म्हणाले. “मला बी तसंच होतं. निरोप समारंभाच्या दिशी झालं व्हतं.”

मी लिहिलं, ‘आय फेल्ट ऑड.’ हिरवं. दाजींनी वाचलं, वर आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पेला खाली ठेवून दिला.

त्यानंतर आम्ही पहिल्यापासून आवाज लावून बसलो. पुणेकराच्या किती ओळी अशा भारी कपड्यांतल्या निघाल्या! पण उलटंही निघालं. आत्या जे भराभर बोलत होती त्यातलं पुष्कळ त्यानंही गाळलं होतं. मला वाटत होतं मी मूळ गोष्टीचं भाषांतर करतोय, आणि मी करत होतो गाळलेल्याचं, सजवलेल्याचं. मुलीला हे ठाऊक होतं का, मी विचारलं. ती म्हणाली, “मला मराठी पाटीची गरजच न्हवती ना सर. मी कधी खाली बघितलंच न्हाई.”

ही गोष्ट मला त्या क्षणी लागली नाही. पुढं लागली.

दाजी संध्याकाळच्या गाडीनं पूर्णेला गेले. पुढचे दिवस मी आणि मुलगी तिची कचेरी सुटल्यावर तासभर बसायचो आणि फक्त ट्रकच्या दृश्यावर भांडायचो. बाकी सगळं हिरवं झालं होतं. ट्रकचं होत नव्हतं, कारण तिथं मुलगी एक शब्द सोडायला तयार नव्हती.

ते दृश्य असं आहे. एकच लांब शॉट. ट्रकच्या मागं फळी लावलीय, मेंढरं चढतायत, आत्या खाली उभी. एकेकीच्या पाठीवर हात ठेवून बोलते. एका भुऱ्या मेंढीला म्हणते, तू पूर्णेच्या पुलाखाली जल्मलीस, तुझी माय पावसात मेली, म्या तुला शेळीचं पाजलं. हे सगळं चार सेकंदांत. माझं पहिलं इंग्रजी शंभर अक्षरांच्या वर होतं, म्हणजे सेकंदाला सव्वीस. परवानगी अडुसष्टची.

“पूर्णा काढ,” मी म्हणालो. “परदेशी माणसाला पूर्णा काय, पाथरी काय.”

“दाजींना सांगू का?”

“‘शेळी’ काढ. नुसतं ‘फेड’ म्हण.”

“सर, मेंढीचं पिल्लू शेळीचं पितं हे सोपं न्हाई. शेळी लाथ मारती. आत्या तिला धरून बसायची. ते ‘फेड’मधी कुटं हाय?”

“मुली, चार सेकंदांत शेळी आणायची कुठून?”

“तुमीच शिकवलं न्हवं, एक शब्द सोडायचा न्हाई!”

मी म्हणालो, ते परीक्षेसाठी. ती म्हणाली, ही परीक्षाच हाय. आत्याचं बोलणं आत्तापर्यंत घरात कुणी पुरतं ऐकून घेतलं नाही, सगळे म्हणायचे, म्हातारी बडबडती, आणि आता जिथं लोक ऐकायला बसलेत तिथं मीच कापू? तिचा आवाज चढला होता. मला तिचं म्हणणं बरोबर वाटत होतं, आणि सतरा हा आकडाही बरोबर वाटत होता, आणि या दोन बरोबर गोष्टी एका फळीवर चढत नव्हत्या.

शेवटी काय केलं, तर चोरीचपाटी केली. एक शब्द इकडून काढ, पाव सेकंद तिकडून ओढ, दोन छोट्या पाट्या जोडून एक कर. ‘बॉर्न अंडर द ब्रिज.’ खाली, ‘युवर मदर डाइड. आय फेड यू.’ पन्नासच अक्षरं, कारण या पाटीचा एक सेकंद पुढच्या पाट्यांना उसना दिला. शेळी गेली. त्याच्या बदल्यात मी पुढच्या दोन पाट्यांतलं सगळं तिच्या मनासारखं ठेवलं. पुढच्या पाटीत आत्या त्या मेंढीला सांगते की तिकडं पाणी खारं असेल, नाक मुरडू नको. आणि त्याच्या पुढं, पहिल्या दिवशी तू खायची नाहीस हे मला ठाऊक हाय, दुसऱ्या दिवशी मात्र खा. मी ते इतकं कसून बसवलं की दोन्ही ओळी सोळा-सतराला टेकलेल्या, पण हिरव्या. प्रोग्रॅममध्ये लाल औषधालाही उरलं नाही. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात उत्तम इंग्रजी काम आहे असं मी त्या दिवशी चहाच्या टपरीवर जाहीर केलं. टपरीवाल्यानं मान्य केलं.

फाईल पाठवायच्या आदल्या दिवशी दाजी पुन्हा आले. या वेळी स्वतःचा पेला घेऊन आले, आमचा बसका झाला होता म्हणून. मुलीनं फिल्म लावली. पेला एकदाही वाजला नाही. ट्रकचं दृश्य आलं. दाजींचे ओठ हलत होते. संपलं.

“सगळं वाचलं?” मी विचारलं.

“सगळं!” दाजी खूश. त्यांनी बोटावर म्हणून दाखवलं, पूल, माय मेली, पाजलं, पाणी खारं, नाक मुरडू नको, पहिल्या दिवशी न्हाई, दुसऱ्या दिवशी खा. एक शब्द सुटला नाही. मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मुलगी हसली नाही. तिनं विचारलं, “दाजी, मग ती मेंढी परत आली तवा आत्यानं काय केलं?”

“कुठली मेंढी?”

“भुरी. ट्रकातनं उडी मारून येती ती.”

दाजींनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. “उडी? आगं, मी खाली बघायलो व्हतो ना. तुमीच म्हणले वाचा.”

तिनं तोच तुकडा पाट्या बंद करून लावला. भुरी फळीवरून आत जाते. मग आतल्या गर्दीतून उलटी फिरते, फळीवरून खाली उडी मारते आणि थेट आत्याच्या लुगड्यात तोंड घालते. आत्या बोलत असते, बोलणं थांबत नाही. बोलता बोलताच तिला दोन्ही हातांनी कमरेशी धरते, वळवते, आणि ढकलून पुन्हा फळीवर चढवते. ट्रकवाल्याला हात लावू देत नाही. स्वतः चढवते. हे सगळं त्या खाऱ्या पाण्याच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या पाट्यांवर घडतं.

मी ती फिल्म तोपर्यंत कितीदा पाहिली होती देव जाणे. उडी मलाही आठवत नव्हती. माझे डोळे कायम आकड्यावर. हे मी त्या दोघांना बोललो नाही, उलट म्हणालो, “मला माहीत होतं, पण दाजींची परीक्षा घेत होतो.”

“हां, हां,” दाजी म्हणाले. पण पेला त्यांनी पिशवीत घालून टाकला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा निघाला. “लाव बरं आजून एकदा. बिगरपाटीचं.”

तिनं लावलं. मग मी काही सांगायच्या आत तिनं खाऱ्या पाण्याची पाटी निवडली आणि उडवून टाकली. पुढच्या पाटीवर आली. तिथं थांबली. ती ओळ तिची सगळ्यात आवडती होती हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, “राहू दे ती. अजून कापतो मी.”

“किती कापताव सर?”

मी कापली. आधी पहिला दिवस गेला. मग दुसरा दिवस गेला. मग ‘मला ठाऊक हाय’ गेलं. शेवटी दोन शब्द राहिले, ‘गो. ईट.’ आठ अक्षरं, त्यातलंही एक मोकळी जागा. आम्ही ते आत्यानं मेंढीला ढकलून हात काढून घेतल्यावर दिसेल असं ठेवलं. त्याच्या आधी पडदा रिकामा. आत्या बोलतेय, खाली काही नाही. बघणाऱ्याला बघण्याशिवाय दुसरं काम नाही.

दाजींनी पाहिलं. जिना उतरताना तेवढं म्हणाले, “मास्तर, आता जमलं,” आणि लगेच झेरॉक्सवाल्यावर ओरडले, सवयीनं.

फाईल गेली, मान्य झाली. फिल्म तिकडं दाखवली. मुलीला जाता आलं नाही, रजा मिळाली नाही. कुणा एका बाईनं आयोजकांमार्फत तिला विचारून पाठवलं, त्या मेंढीनं तिकडं गेल्यावर खाल्लं का. तिनं तो मजकूर मला फोनवर वाचून दाखवला. मी टपरीवर जाऊन सांगितलं की माझ्या इंग्रजीमुळं अख्खा परदेश रडला. वडिलांनी काय म्हटलं, मी तिला विचारलं. “इचारलं, तिकडं पण मेंढरं असत्यात का. मी म्हणलं असत्यात. मग बरं म्हणले.”

मुलीनं मात्र पंधरा दिवस आत्याकडं जायचं टाळलं. शेवटी मीच म्हणालो, चल, मी येतो. गंगाखेडच्या अलीकडं उतरून तिच्या भावाच्या मोटारसायकलवर आम्ही तिघं एकदम गेलो. त्यातला माझा भाग हवेतच होता. आत्या दारात शेंगा फोडत बसली होती. आम्हाला चहा दिला. मग मुलीनं लॅपटॉपवर तिला इंग्रजी पाट्यांची फिल्म लावून दिली. आत्यानं स्वतःला पाहिलं, नाक मुरडलं. भुरी दिसली तेव्हा शेंगा बाजूला ठेवल्या. मधेच विचारलं, “हे खाली पांढरं काय हलायलंय?”

“तुझं बोलणं हाय आत्या. इंग्रजीत.”

“आस्सं,” म्हणाली आणि पुन्हा भुरीकडं बघायला लागली.

फिल्म संपली. मुलगी बराच वेळ लॅपटॉप मिटेना. मग एका दमात बोलून गेली, “आत्या, ट्रकापाशी तू लय बोललीस. ते पाणी खारं, ते दुसऱ्या दिशी खा. मी त्यातलं निम्मं काढून टाकलं बघ. त्या लोकांला कळलंच न्हाई तू काय काय म्हणलीस.”

आत्यानं शेंगांचं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“त्यांला कुटं सांगत व्हते,” ती म्हणाली. “मेंढरांला सांगत व्हते.”